अकरानंतर नवं काही नाही

मागच्या वर्षीच्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे दोन दिवसांत नवे ॲप बनवायच्या स्पर्धेत, शालू कोळपे सादरीकरणाला तीन मिनिटे उभी राहिली, आणि तीनही मिनिटे पडदा कोराच राहिला. करमाडच्या मेंढपाळ घरातली, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची ही मुलगी त्यावर कुढत बसली नाही. चूक कुठे झाली, ते तिने शोधून काढले: अक्कल सगळ्यांकडे होती, वेळेची वाटणी कुणीच केली नव्हती. यंदा करुणा आणि सुदर्शन या गटातल्या दोघांना तिने शब्द दिला होता, की रविवारी तीनला चालती वस्तू दाखवू.

शनिवारी नऊला तिने भिंतीवर कागद चिकटवला. कल्पना निवडायला दीड तास, काय करायचे आणि काय सोडायचे हे ठरवायला एक. सहापर्यंत ओबडधोबड का होईना, पण आरंभापासून शेवटपर्यंत चालणारे रूप. रविवारी अकरानंतर नवे काही नाही, फक्त तपासणी. साडेबाराला रंगीत तालीम.

“शालूबाई, पाणी प्यायला किती मिनिटं लिव्हलीत?” सुदर्शनने विचारले.

“तुझ्या बडबडीतून कापून घे.”

फोटोवरून मेंढीचा रोग ओळखायची सुदर्शनची कल्पना देखणी होती. “फोटो कुठून आणशील, हजारभर? दोन दिसांत?” शालूने विचारले, आणि साडेदहाला दुसरीच कल्पना ठरली: कळपाच्या लसीची तारीख नोंदवायची, ती आली की मेंढपाळाच्या टेलिग्राम ॲपवर बोलका निरोप जायचा. करुणाने निरोपाला आवाज दिला. सहाला पहिला निरोप गेला. रविवारी अकराला शालूने चालती प्रत वेगळी जपून ठेवली.

साडेबाराच्या तालमीत मात्र निरोप गेलाच नाही. शालूने सुदर्शनकडे पाहिले.

“थेट फोन लागावा म्हणून मघाशी जरासं जोडलं गं,” तो चाचरला. “लई भारी दिसलं असतं. अर्धा तास दे, होतंय.”

अडीच तास हाताशी होते. मोह तिलाही झाला. फोन वाजला असता, तर सभागृह दणाणले असते. पण मागच्या वर्षीही सगळे असेच “होतंय” म्हणत होते.

“नाय. अकराची प्रत लाव.”

“आन् माझी मेहनत?”

“जपून ठेव. सोमवारी दोघं बसू. आज नाय.”

तो तोंड पाडून बसला, पण प्रत त्यानेच परत लावली. पुढच्या दोन तालमींत निरोप बिनचूक गेला.

तीन वाजता परीक्षक बाईंनी स्वतःचा मोबाइल जोडून घेतला. शालूने आंत्रविषार या मेंढ्यांच्या रोगावरच्या लसीची तारीख म्हणून आजचीच तारीख टाकली. क्षणभर काहीच झाले नाही. करुणाने डोळे मिटून घेतले. मग बाईंच्या हातातून करुणाचाच आवाज आला: “दादा, आज मेंढरांना लस टोचून घ्या.”

“थेट फोन का जात नाही?” बाईंनी विचारले.

“दोन दिवसांत भरवशाचा झाला नाही, मॅडम. म्हणून काढला,” शालू म्हणाली.

बाईंनी मान डोलावली आणि निरोप पुन्हा एकदा ऐकला.