शालूच्या अहवालाचा गोषवारा

सुनीती जगताप वकीलबाईंचं बस्तान कसब्यातल्या एका बोळात. खाली शिवणयंत्रं दुरुस्त करणारा, वर बाईंचं ऑफिस. शिवाजीनगर कोर्टात त्यांचा दरारा भाषणांसाठी नव्हता, बाई तशा कमीच बोलत. शवविच्छेदनाच्या अहवालाचा गोषवारा काढावा तर त्यांनीच. डॉक्टरांनी काय पाहिलं ते एका बाजूला आणि काय सांगता येत नाही म्हणाले ते दुसऱ्या बाजूला. ही दुसरी बाजू कुणी गाळली की बाईंचं डोकं फिरायचं. "अंदाजातला 'अंदाजे' खाल्लात, आता पचवून दाखवा," असं एका ज्येष्ठ वकिलाला त्यांनी भर बाररूममध्ये सुनावलं होतं.

शालूच्या खटल्यात त्या शालूच्या आईच्या, राधाबाईंच्या वकील होत्या, सरकारी वकिलांच्या मदतीला. वाघोलीत भाड्याच्या खोलीत शालू सकाळी मेलेली सापडली. आरोपी तिचा नवरा सूरज. आता त्याचा जामिनाचा अर्ज आला होता आणि अर्ज भक्कम होता. पोलिसांच्याच दोषारोपपत्रात लिहिलं होतं की मृत्यू दुपारी तीन ते रात्री नऊच्या दरम्यान झाला. सूरज तेव्हा कंपनीत दुसऱ्या पाळीला होता, घरी आला रात्री बारा वाजता. शालू झोपलीय असं समजून आपणही झोपलो, हे त्याचं म्हणणं. सुटला की तो काय गप्प बसणार होता? शालूची धाकटी बहीण कॉलेजला एकटी ये-जा करते, या काळजीनं राधाबाई अर्ध्या झाल्या होत्या.

बाईंनी मूळ अहवाल उघडला. गळ्यावर आवळल्याचे व्रण, श्वास कोंडून मृत्यू. पोटात अर्धवट पचलेला भात. मृत्यू तपासणीच्या आधी अंदाजे बारा ते अठरा तास. बाईंनी सवयीप्रमाणे तपासणी सुरू झाल्याची वेळ शोधली. दुपारचे तीन! म्हणजे मृत्यू रात्री नऊ ते पहाटे तीन. अहो, पोलिसांनी तास मोजले होते सकाळी नऊच्या पंचनाम्यापासून. डॉक्टर मोजतात ते प्रेत टेबलावर आल्यापासून मागे, आणि मधे प्रेत शीतगृहात होतं. कपाळावर हात मारावा तेवढा थोडा.

पण बाईंनी दुसरी बाजूही भरली. प्रेत थंडीत ठेवल्यानं वेळ याहून नेमकी सांगता येत नाही, जेवण कधी केलं ते ठाऊक नसल्यानं भातावरूनही नाही. म्हणजे सूरज घरी यायच्या आधीही मृत्यू झालेला असू शकतो. सरकारी वकील दत्तप्रसाद म्हणाले, हे कशाला लिहिता, त्याचा वकील काढेल तेव्हा बघू. बाई म्हणाल्या, काढेलच, मग आपण आधी काढलेलं बरं. दत्तप्रसाद चिडून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी राधाबाई आल्या. बाईंनी सगळं सोपं करून सांगितलं. नऊच्या पुढची वेळ ऐकली आणि राधाबाई पदराचं टोक पिळायला लागल्या. 

"बाई, मग तो भास न्हवता."

त्या रात्री पुतणीची हळद होती, डीजे लावलेला. दहाच्या सुमाराला शालूचा व्हॉट्सॲपवर फोन आला. आई, तो कंपनीतून यायच्या आत मला घेऊन जा, म्हणाली. राधाबाई म्हणाल्या, आत्ता पाव्हणे सोडून कशी येऊ, उद्या येते. आणि फोन ठेवला. मग पोलिसांनी सांगितलं की पोरगी नऊच्या आतच गेली. डॉक्टरांचा कागद काय खोटा असतो? आपल्यालाच भ्रम झाला असेल, दिवस चुकला असेल, असं त्यांनी मनाला बजावलं. मोबाइल उघडून तारीख बघायची हिंमत मात्र झाली नाही. भ्रम होता तोवर झोप तरी लागत होती.

बाईंनी मोबाइल बघितला. फोन होता, त्याच रात्रीचा, दहा वाजून गेल्यानंतरचा; व्हॉट्सॲपचा म्हणून पोलिसांच्या कॉलच्या यादीत आला नव्हता. डॉक्टरांना जिथं पुढं जाता आलं नाही, तिथून पुढचं या माउलीला ठाऊक होतं. पण पोलिसांपुढे पुरवणी जबाब द्यायचा, उद्या साक्षीला उभं राहायचं आणि 'लेकीनं बोलावलं, मी गेले नाही' हे सूरजच्या तोंडावर सांगायचं. सुनीतीबाईंना ते मागवेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, ही बाजू कोरी राहिली असती तर बरं झालं असतं.

"लिवा," राधाबाईच म्हणाल्या. "धाकटी हाय अजून."

जबाब झाला, जामीन फेटाळला गेला. दत्तप्रसादांनी कोर्टाबाहेर बाईंपुढे हात जोडले. राधाबाईंनी तिकडे बघितलंही नाही. सुनीतीबाई त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेल्या, तेव्हा राधाबाईंनी हळूच विचारलं.

"त्या कागदात भाताचं व्हतं न्हवं? म्हंजी जेवली व्हती ती?"

"हो. जेवली होती."

राधाबाईंनी मान हलवली आणि रिक्षात बसल्या. सुनीतीबाई मात्र कितीतरी वेळ तिथंच उभ्या राहून रडत होत्या.