काढायचं कोणाला, लिफ्टला की दारताईला

माझ्या मावशीला पसारा सहन होत नाही, आणि तिच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट हा पसाराच. मी नवऱ्याशी भांडून तिच्याकडे गेले, तेव्हा रडून होण्याआधीच तिने माझ्या भांडणाचे तीन भाग पाडले होते: सासू, नवरा आणि इतर. आमच्या इमारतीच्या कमिटीच्या ऑफिसात ती बावीस वर्षं कारकून आहे. इतक्या वर्षांत तिच्या कपाटातला एकही कागद हरवलेला नाही, हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवतेच.

गेल्या महिन्यात कमिटीची सभा झाली. माणसं सभेत बोलतात तशीच बोलली: लिफ्टवरून दारावर, दारावरून गच्चीवर, की परत लिफ्टवर. रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरने एकतीस पानं काढली, प्रत्येक वाक्यापुढे वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव. सेक्रेटरी सभेच्या दिवशी परगावी होते. ते पानं चाळून म्हणाले, "बाई, हे वेळेच्या क्रमाने नको. विषयवार लावून द्या. लिफ्टचं लिफ्टखाली, दारताईचं दारताईखाली."

दारताई म्हणजे एकोणीस वर्षं आमच्या दाराशी बसणारी बाई. तिचे गुडघे गेलेत. तिला ठेवायचं की तिच्या जागी नवी माणसं आणायची, हा सभेतला खरा प्रश्न होता.

मावशीला आकाश ठेंगणं झालं. लिफ्टला लाल पेन्सिल, दारताईला हिरवी, गच्चीला निळी, आणि 'चहा गार झाला' अशा बेवारशी वाक्यांना पिवळी. दोन विषयांचं वाक्य तिने दोन्हीकडे घातलं, वेळ तीच लिहून. विषयाच्या आत मात्र बोलल्याचा क्रम राखला. आणि ज्या वाक्यात विषयाचं नावच नाही, ते वरच्या ओळीच्या विषयात टाकलं. बोलणाऱ्यांची नावं गाळून, वाक्यं सलग लिहून, एका दुपारात, गुणगुणत, एकतीस पानांची नऊ झाली.

शनिवारी मला सुट्टी म्हणून मी तिच्या ऑफिसात गप्पा मारत बसले होते. एवढ्यात दारताई गुडघा धरत आत आली. एका हातात सेक्रेटरींचं पत्र, दुसऱ्या हातात मावशीचं पान.

"बाई, काढायचं तर काढा मला," ती म्हणाली. "पण खोटं कशाला लिहिता? माझ्यावर चार माणसं कधी चढली?"

मावशीने पान घेतलं. 'दारताई' या मथळ्याखाली लिहिलं होतं: 'ती फार कुरकुरते. बटण दाबलं तरी पाच मिनिटं हलत नाही. चार माणसं चढली की अडकते. वय झालं तिचं, काढून टाका, नवीन आणा. सर्वांना मान्य.'

मला हसू आवरेना. मावशीला मात्र हसू आलं नाही. तिने घाईघाईने 'लिफ्ट'चं पान काढलं: 'एकोणीस वर्षं तिने आपली पोरं सांभाळली. माझी बायको जिन्यात पडली तेव्हा सगळ्यांत आधी धावली ती हीच. गुडघे दुखतात तर चांगली खुर्ची द्या. तिला कोणी हात लावायचा नाही. सर्वांना मान्य.'

सेक्रेटरींना बोलावलं. त्यांनी लिफ्टवाल्यांना नवी लिफ्ट नको म्हणून कळवलं होतं, आणि वर लिफ्टसाठी एक खुर्चीही मागवली होती. "गुडघे म्हणजे लिफ्टचा एखादा भाग असेल असं वाटलं मला," ते म्हणाले. आता मावशीही हसायला लागली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग तिने मूळची एकतीस पानं उघडली आणि वेळ शोधली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला दारताईचं काय, असं कोणी तरी विचारलं होतं. उत्तर यायच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टचं काढलं, आणि मग कोणी तरी नाव न घेता दारताईबद्दल बोललं. अध्यक्ष म्हणाले, "चला, दारताईचं मिटलं." त्यानंतर बाकीचे नुसतं 'ती' म्हणत लिफ्टवर तुटून पडले. उत्तरं एकेक ओळ उशिरा येत होती आणि मावशी वरच्या ओळीकडे बघत होती. तिने वाक्यं जागच्या जागी नेली आणि प्रत्येक 'ती'पुढे कंसात नाव लिहिलं. सेक्रेटरींनी पत्र फाडलं आणि माफी मागितली.

दारताई मात्र जाईना. "हे माझ्याबद्दल कोण बोललं?"

मावशीने नाव पाहिलं. "दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर."

"छे. त्यांची बायको पडली होती खरी, पण ते तर माझ्याकडे बघतही नाहीत."

मावशीने रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टरांचा तोच घोगरा, वैतागलेला आवाज. दारताई उभ्या उभ्या ऐकत राहिली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "एकोणीस वर्षांत एक शब्द बोलले नाहीत हो. पुन्हा लावा."

मावशीने पुन्हा लावलं. शेवटी सगळी सभा 'मान्य, मान्य' म्हणाली, आणि त्यांच्या मागोमाग दारताईही हळूच म्हणाली, "मान्य."