बिबीजानची परात

बिबीजान अत्तार यांच्या घरी जेवायला बसणं सोपं, उठणं अवघड. रिकामं ताट दिसलं की त्या माउलीला अपमान झाल्यासारखं वाटे. मी त्यांच्या इनुसबरोबर शिरूरच्या कॉलेजात शिकवायचो, आणि आठवड्यातून एकदा तरी हात आडवा धरून चौथी भाकरी नाकारायचो. ती हातावर पडायची.

इनुस प्राणिशास्त्राचा. अठ्ठ्याहत्तर साली त्यानं पुण्याला पीएच.डी.ला नाव घातलं आणि घरच्या अंगणात एकमेकींपासून लांब लांब चार पराती मांडल्या, वाळूत बाजरी मिसळून. चिमणीला आधी दाणे पटापट सापडतात, मग एकेका दाण्यासाठी वाळू उकरावी लागते. या परातीतली मिनिटाची कमाई घटत घटत, उडण्यात जाणारा वेळही धरून काढलेल्या साऱ्या अंगणाच्या सरासरीवर आली, की शहाणी चिमणी दाणे शिल्लक असतानाच उठते. पराती लांब असल्या तर उशिरा उठते. हे सगळं त्यानं जेवता जेवता आईला समजावलं. प्रयोग जमला तर फेलोशिप मिळेल आणि पुण्यालाच राहावं लागेल, हेही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून चिमणी उठेना.

इनुस गोणपाटाच्या पडद्याआड स्टॉपवॉच धरून बसे. भोकातून फक्त परात दिसे, आणि मान खाली घालून नोंद लिहिताना तीही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या परातीत लाल ठिपका दिलेली चिमणी सकाळभर खात राही. ती फुगून लाडू झाली, बाकीच्या पराती ओस पडल्या. शिरूरच्या चिमण्याच आळशी, असं इनुस म्हणू लागला. मी पाण्याला दोष दिला. दोघेही पदवीधर होतो.

शेवटी पुण्याहून त्याच्या मार्गदर्शक दामलेबाई आल्या. त्या पडद्याआड न बसता सरळ घराला वळसा घालून गेल्या. तेवढ्यात खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर आला आणि मूठभर बाजरी परातीत सोडून आत गेला. चिमणीनं मानही वर केली नाही.

"हिचा हिशोब चोख आहे," बाई म्हणाल्या. "कमाई घटतच नाही, तर ती उठेल कशाला?"

इनुसचा चेहरा पडला. "अम्मी, माझं सगळं काम वाया गेलं."

बिबीजाननी त्याच्याकडे बघितलंच नाही. "बाई, पुणं लई लांब हाय का वो?"

"छे, दोन तासांवर."

"लांब आसतं तर बरं झालं आसतं. लांब आसलं की पाखरू जास्त बसतंय म्हनं."

बाई जेवायला बसल्या. त्यांच्या ताटात भाकरीवर भाकरी पडत गेली आणि दुपारची एस.टी. चुकली.

दुसऱ्या दिवशी खिडकीला कडी होती. चिमणीनं खाल्लं, थोडं उकरलं आणि दुसऱ्या परातीकडे उडाली. इनुस लहान पोरासारखा नाचला.

संध्याकाळी मी जेवायला होतो. इनुसच्या ताटात दीड भाकरी पडली. ती संपली. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. बिबीजाननी भाकरीच्या टोपलीवर फडकं टाकलं आणि त्यावर हात ठेवला.

"पोट भरलं आसंल तर ऊठ बाबा."

इनुस मात्र उठला नाही. रिकाम्या ताटाशी तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला.