पेन्सिलीने लिहिलेलं नाव

माझी बहीण गेली आणि तिची एकुलती एक मुलगी माझ्याकडे राहायला आली. पदवीची दोन वर्षं तिकडच्या विद्यापीठात झाली होती, तिसरं इथे करायचं होतं. प्रवेश मिळाला, पण तात्पुरता. जुने विषय इथल्या विषयांशी समकक्ष ठरून किमान सत्तर श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मान्य झाले तरच तिसरं वर्ष, नाहीतर पुन्हा दुसऱ्यात बसायचं. तोवर हजेरीपटावर तिचं नाव सगळ्यांत खाली, पेन्सिलीने. वर्गातल्या मुली तिला ‘पाहुणी’ म्हणू लागल्या. घरी ती हे हसून सांगायची. डबा मात्र अर्धा परत यायचा.

दीड महिन्याने समितीचं पत्र आलं. ऐंशीपैकी अडुसष्ट मान्य. आठ इथे नसलेल्या विषयांचे गेले, आणि संख्याशास्त्राचे चार नामंजूर, कारण अभ्यासक्रम निम्मासुद्धा जुळत नव्हता. आणि नेमके त्याच विषयात तिला सगळ्यांत जास्त गुण.

मी तिच्याबरोबर पात्रता विभागात गेले. खिडकीतल्या बाईंनी गुणपत्रिका आणि तिने जोडलेला अभ्यासक्रम शेजारी-शेजारी ठेवला.

“हा कुठून आणलास?”

“विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून. सगळ्यांत नवा बघून घेतला.”

“नवा कशाला, बाळ? तू शिकलीस तो बदलायच्या आधीचा. विषयाचा क्रमांकच बघ ना, दोन्हीकडे वेगळा. चप्पल एकीची नि पाय दुसरीचा, समिती काय करणार?”

मग त्यांनीच नीट समजावलं. ती शिकली त्या वर्षीचा अभ्यासक्रम तिकडच्या विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याने आणायचा आणि पंधरा दिवसांत फेरविचाराचा अर्ज द्यायचा. पोस्टाच्या भरवशावर राहू नका, म्हणाल्या.

मीही तिकडे येते म्हटलं, तर पोरगी तुझे गुडघे घरीच ठेव म्हणाली. एकटी गेली. मी देवापुढे हात जोडून बसले.

संध्याकाळी परतली ती पानापानावर शिक्का घेऊन. मैत्रिणी भेटल्या का, विचारलं. दिसल्या, म्हणाली. उपाहारगृहात, नेहमीच्याच टेबलाशी. तिच्या खुर्चीवर कुणी नवीन मुलगी होती. ती दारातूनच मागे फिरली होती.

फेरविचारात चारही श्रेयांक मिळाले. बहात्तर झाले. उरलेल्या आठांसाठी दुसऱ्या वर्षाचे दोन विषय जादा द्यायचे होते, पण वर्ष वाचलं. सरांनी पेन्सिल खोडून तिचं नाव शाईने लिहिलं. मुली अजून पाहुणीच म्हणतात, ती सवयीने ओ देते.

नाव शाईने लागलं त्या रात्री मी ताट वाढलं. ती भात चिवडत बसली.

“मावशी, तिकडच्या पटावरून माझं नाव काढलं असेल ना गं?”

काढलं होतं. स्थलांतर प्रमाणपत्र माझ्याच कपाटात होतं. मी माझं ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले.