वेष्टनावरचं नाव

कापूरहोळची पोल्ट्री कंपनी सोडताना इस्माईलनं चाव्या दिल्या. कंपनीच्या वर्गणीतून नऊ वर्षं त्याच्या उत्रोलीच्या घरी येणारं कुक्कुटपालनाचं मासिकही सोडलं. वर्गणीदार क्रमांक घालून मासिकाला कार्ड टाकलं : यापुढचे अंक कंपनीच्या पत्त्यावर पाठवा.

बायको जमीला भडकली. "तुमी कवा पान तरी उलटलं का? माज्या कोंबड्या त्या मासिकानं जगवल्या!"

"अगं, वर्गणी कंपनीची होती."

"मग आपली येगळी भरा. माज्या नावानं."

त्यानं मनीऑर्डर केली.

दीड महिन्यानं पोस्टमन दारात आला. नऊ वर्षं तिच्याच हातात अंक देणाऱ्या त्या भल्या माणसानं वेष्टन वाचून विचारलं, "ही जमीला कोण?"

तिनं पदराला हात पुसले. "मीच की!"