मेथी निवडायची वेळ

गेल्या हिवाळ्यात मला काही म्हणजे काहीच झालेलं नव्हतं, आणि तेच माझं दुखणं होतं. नागापूरच्या कारखान्यातली नोकरी कायम झाली होती, फ्लॅट झाला होता, मुलगी अकरावीला सायन्सला गेली होती. ज्याच्या मागे इतकी वर्षं धावले ते सगळं हाती आलं, पण पाय थांबायला तयार नव्हते. योगाचा क्लास लावला, सोडला. गच्चीत टोमॅटो लावले, ते पाणी न घालून मीच मारले. नवरा म्हणाला, "अगं, एका जागी बस की जरा." बसले, तर सोफ्याची कव्हरं धुवायला काढली.

अशात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्याच कंपनीच्या सुप्याच्या नव्या युनिटमध्ये तपासणी विभागाची प्रमुख म्हणून जायचं. सकाळी अंधारात बस, परत यायला साडेआठ-नऊ. उत्तर सोमवारी हवं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच हो म्हणणार होते. धावायला नवीन काहीतरी मिळालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधल्या भाभींना सांगितलं. वयाने माझ्याहून मोठ्या, तोंडाने फटकळ. सगळ्यांनी पेढे मागितले होते, यांनी डब्यातलं लोणचं माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "तुला जायाचंय का?"

"मोठी पोस्ट आहे, भाभी."

"पोस्टचं न्हाई इचारलं. समज, ही पोस्ट मिळाली पन कुनालाच कळनार न्हाई. ना माहेरी, ना सासरी, ना बिल्डिंगमधी. तरी जाशील?"

मी डबा बंद करून उठले. भाभींचा राग आला होता.

घरी आल्यावर मी ठरवलं की आपल्याला नेमकं काय महत्त्वाचं आहे ते एकदाचं शोधायचं. पहिल्या झटक्यात आले ते शब्द म्हणजे प्रामाणिकपणा, प्रगती, कुटुंब. आमच्या कारखान्यात भिंतीवर लावलेल्या पाट्यांवर हेच लिहिलंय, आणि त्या पाट्यांखाली लोक आरामात तंबाखू मळतात. हे शब्द कुणालाही बसतील, म्हणून ते माझे नव्हते. मग प्रश्न फिरवून पाहिला. मला जळायला कधी होतं? साहेबांकडे बघून नाही होत. खालच्या मजल्यावरची बाई मुलीसोबत जिन्यात बसून खिदळत असते, तिच्याकडे बघून होतं. आणि अलीकडे सगळ्यात जास्त काय लागलं? दिवाळीनंतर मुलगी एकदा म्हणाली होती, "तुला सांगून काय उपयोग? तू लगेच दुरुस्त करायला घेतेस." मी तेव्हा म्हणाले होते, "मग चुकीचं तसंच ठेवू?" त्यानंतर तिने सांगणंच बंद केलं होतं. काय चाललंय, "ठीक." जेवलीस का, "हो."

ते वाक्य आठवल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जिथे दुखतं तिथेच आपलं काहीतरी असतं. मला असं माणूस व्हायचं होतं, ज्याच्याजवळ घरातल्यांना चूक-बरोबरच्या मापात न बसता बोलता येईल. हे फ्लॅटसारखं एकदा घेऊन मोकळं होण्यातलं नव्हतं. रोज त्या दिशेला तोंड करावं लागणार होतं, आणि त्यासाठी रोजचं काहीतरी लहान, तापाच्या दिवशीही जमेल एवढं. मुलगी संध्याकाळी सातला क्लासवरून येते, आणि तेव्हा मी भाजी निवडत असते. ठरवलं, मोबाईल कपाटात ठेवायचा, ओट्याशी उभं न राहता खाली बसून निवडायचं, ती आली तर येऊ द्यायचं, आणि तिचं काहीही दुरुस्त करायचं नाही.

पण मी पडले इन्स्पेक्टर. आमच्याकडे गेज असतो. भोकात गेला तर माल पास, नाही गेला तर रिजेक्ट, मधलं काही नाही. मी स्वतःलाही तोच गेज लावला. पहिल्या संध्याकाळी मुलगी समोर बसली, मोबाईल बघत राहिली, बोलली नाही. रिजेक्ट. दुसऱ्या दिवशी आत निघून गेली. रिजेक्ट. तिसऱ्या दिवशी मीच चिडून म्हणाले, "अगं, मी तुझ्यासाठी इथं बसते, काहीतरी बोल ना." तिने माझ्याकडे पाहिलं आणि हेडफोन लावले. माझा जीव नुसता तळमळत होता. वाटलं, जाऊ दे हे सगळं, सुप्याला गेलेलं बरं, तिथे निदान काम तरी मापात होतं.

चौथ्या दिवशी कारखान्यात लेथवरचे पीस मोजताना त्यांचा बाहेरचा व्यास हळूहळू मोठा येताना दिसला. असं होतंच, कापणारं टूल झिजतं. मी ऑपरेटरला सांगितलं, त्याने थोडा ऑफसेट दिला, म्हणजे टूल केसभर पुढे सरकवलं, आणि पुढचा पीस बरोबर आला. त्यासाठी कुणी मशीन भंगारात काढत नाही. तेव्हा लक्षात आलं की माझं मोजणंच चुकलंय. मुलगी बोलेल की नाही हे माझ्या हातात नव्हतंच. माझ्या हातात होतं ते बसणं आणि जीभ आवरणं. बसले का? बसले. जीभ आवरली का? काल नाही. मग आज थोडं तिकडे सरकायचं, एवढंच.

त्या संध्याकाळी पुन्हा बसले. काहीच घडलं नाही, आणि मी त्याला नापास म्हटलं नाही.

सोमवारी साहेबांना विचारलं, हीच पोस्ट नागापूरला मिळेल का, किंवा सुप्याला लवकर सुटणारी पाळी. काम मला मनापासून आवडतं, ते खोटं का बोलू. दोन्ही सांभाळता आलं असतं तर मी नक्की गेले असते. साहेब म्हणाले, "मॅडम, नवीन युनिट आहे. तसं नाही जमणार." मी नाही म्हणाले. माझ्यामागून नोकरीला लागलेल्या मुलाला ती जागा मिळाली. पेढे वाटले गेले तेव्हा मला जळायला झालंच, आणि सबंध आठवडा ते मनातून जाईना. आपल्याला काय हवं ते कळलं म्हणून जीव शांत होतो, असं माझ्या बाबतीत तरी झालं नाही. फक्त सात वाजता कुठे असायचं ते ठाऊक होतं.

मग एकदा मेथीची मोठी जुडी आणली. मुलगी आली, दप्तर टाकून समोर बसली, आणि मेथीकडे बघतच म्हणाली, "आई, मला फिजिक्स अजिबात कळत नाही. दिवाळीच्या आधीपासून."

चांगला क्लास, शेजारचे सर, सकाळी लवकर उठणं, सगळं माझ्या जिभेवर रांगेत उभं राहिलं. मी एक देठ मोडलं. "बरं," म्हणाले. आणि पुढचं देठ उचलत, "मग?"

"मग काही नाही. तुला सांगितलं." तिने अर्धी जुडी स्वतःकडे ओढली आणि निवडायला लागली. पानांबरोबर जाड देठंही सरळ ताटात टाकत होती. माझा हात पुढे गेला. तो मी मागे घेतला. ती बोलत राहिली. मास्तरांबद्दल, मैत्रिणीबद्दल, बोर्डासमोर उभी राहून रडू आलं त्याबद्दल.

जेवताना नवऱ्याने तोंडातून चोथा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "आज भाजी कुणी निवडलीय?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"आम्ही दोघींनी," मी म्हणाले, आणि आणखी एक डाव वाढून घेतला.