मालकाची गोडी आणि खळकाकांची किल्ली

खळकाका पुस्तकांचे बाइंडर. बोटांवर वाळलेली खळ कायम, म्हणून नाव पडलं. माणूस असा, की लग्नपत्रिकाही उलटसुलट करून बघेल, आतलं पान गळालंय का! पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे गठ्ठे, दोनदा मोजल्याशिवाय त्यांनी आयुष्यात सुई ओवली नाही.

आता डोळे थकले होते, लेकीकडे राहायला जायचं ठरलं होतं. दुकानाचा करार नऊ वर्षांचा, पण पाच वर्षं भरली की मधूनच सोडता येईल असं कलम होतं. अटी तीन. सहा महिने आधी करारातल्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस, भाड्याची बाकी शून्य, आणि ठरल्या दिवशी रिकामा गाळा किल्लीसह मालकाच्या ताब्यात. एक जरी चुकली तरी चार वर्षं पुन्हा गळ्यात.

नोटीस वेळेवर गेली होती, पोचही आली होती. भाडंही चुकतं होतं. राहिला शेवटचा दिवस. सकाळीच मालक हसत दारात.

"काका, हे कटिंग मशीन कुठे हलवताय? धूड आहे नुसतं. राहू द्या. किल्लीसुद्धा सोमवारी द्या निवांत."

पाच वर्षांत नळ दुरुस्त न करणारा माणूस आज एवढा मायाळू! काकांच्या कपाळावर आठी.

"मग तसं लिहून द्या."

"आपल्यात कागद कशाला?"

"आपल्यातच तर हवा!"

मालकाला नेमकं एक काम आठवलं. तो गेला.

"अहो, बिचारा चांगल्या मनाने म्हणाला असेल," काकू म्हणाल्या.

"चांगलं मन खिशातल्या पेनाला घाबरत नाही."

चार हमाल आले, तर मशीन दारातून निघेना. आत आणल्यावर काकांनीच पुढे फळ्यांचं पार्टिशन ठोकलं होतं. स्वतःच्या हाताने ठोकलेलं स्वतःच करवतीने कापताना काका स्वतःला ज्या शिव्या घालत होते, त्या हमालांनाही नवीन होत्या. फळ्या, खिळे, खळीचा डबा, सगळं टेम्पोत. दुपारी चारला गाळा झाडून लख्ख. काकांनी चारी कोपऱ्यांचे फोटो काढले.

मालकाचा फोन बंद. काका थेट त्याच्या घरी. "ते बाहेर गेलेत," मालकीणबाई म्हणाल्या. उंबऱ्याशी मालकाच्या चपला जोडीने उभ्या होत्या.

"असू द्या, अनवाणी किती लांब जातील? मी बसतो," म्हणत काकांनी जिन्यावर बैठक मारली.

वीस मिनिटांत मालक आतल्या खोलीतूनच "आला". किल्ली घेतली, काकांनी लिहून आणलेल्या पोचपावतीवर सही ठोकली.

"झालं समाधान? कसले संशयी हो तुम्ही!"

काकांनी पावती नाकाशी नेली. सहीखाली तारीख होती उद्याची.

"चुकून पडली हो," मालक म्हणाला.

"पडणारच. खोडा, आजची घाला, आणि शेजारी पुन्हा सही करा."

मालकाने केली. काकांनी ती उजेडात धरून आणखी एकदा वाचली आणि मगच जिना उतरले.